एक्क्यापासून दहापर्यंत : मायनर आर्कानातील अंक प्रसंगाच्या पायऱ्या म्हणून कसे वाचावेत

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नाचे वाचन करणे, शिकू लागलेली माणसे मेजर आर्काना या मोठ्या संचाचे 22 पत्ते बहुधा हौसेने पाठ करतात आणि मायनर आर्काना या उरलेल्या पत्त्यांपाशी येऊन अडखळतात. 56 पत्त्यांतून राजा, राणी, नाइट आणि पेज असे 16 दरबारी पत्ते बाजूला काढले, तरी एक्क्यापासून दहापर्यंतचे 40 पत्ते उरतात; पत्त्यांच्या खोक्यात मिळणाऱ्या पुस्तिकेत त्यांचे अर्थ सुटे सुटे छापलेले असतात आणि ते तसेच पाठ केले, तर ऐन वाचनाच्या वेळी आठवत नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी म्हणून पहिले काही आठवडे पुस्तिका उघडू देत नाही. मायनर आर्कानाच्या चार गटांना सूट म्हणतात. सूट आपल्याला विषय सांगते, म्हणजे पेंटॅकल्स, अर्थात नाणी, असतील तर पैसा, काम आणि शरीर, कप्स, अर्थात पेले, असतील तर भावना आणि नाती, सोर्ड्स, अर्थात तलवारी, असतील तर विचार आणि वाद, वॉन्ड्स, अर्थात काठ्या, असतील तर उमेद आणि उद्योग. आणि अंक सांगतो तो विषय कुठवर आला आहे हे. एवढे पक्के झाले की चाळीस वेगवेगळ्या अर्थांऐवजी दहा पायऱ्या आणि चार विषय एवढेच ध्यानात ठेवावे लागते.

येथे लिहिले आहे ते रायडर-वेट-स्मिथ पत्त्यांविषयी. आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेले हे पत्ते 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी सर्रास वापरात असलेल्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत दुर्रीपासून दहापर्यंत प्रसंगचित्रे नसत, नुसत्या तलवारी किंवा पेले मांडलेले असत. स्मिथ यांनी यांपैकी जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर माणसे आणि घटना आणल्या, त्यामुळे पायरी डोळ्यांना दिसू लागली. वेट आणि स्मिथ दोघेही लंडनमधील गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाचे सभासद होते आणि त्या मंडळात एक ते दहा हे अंक ज्यू गूढपरंपरेतील, म्हणजे कबालातील जीवनवृक्षाच्या दहा स्थानांशी जोडलेले होते. पाचवे स्थान कठोरतेचे आहे आणि सहावे समतोलाचे. चारही सुटींतील पाच नकोसे का वाटतात आणि सहावर आल्यावर जरा हायसे का वाटते, याचे मूळ तेथे आहे.

शिकताना एकच सूट घ्यावी, तिचे दहाही पत्ते ओळीने मांडावेत आणि प्रत्येक पत्ता आपल्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांसह वाचावा. मी पेंटॅकल्सपासून सुरुवात करते, कारण कामधंद्याची गोष्ट कोणालाही चटकन समजते. एक्क्यावर ढगातून आलेल्या हातात एक नाणे आहे आणि खाली बागेतून कमानीकडे जाणारी वाट आहे. संधी समोर आली आहे, पण तिला अजून कोणी हात लावलेला नाही. दोनवर एक माणूस दोन नाणी खेळवत तोल सांभाळतो आणि त्याच्या मागे समुद्रात जहाजे हेलकावतात, म्हणजे आता दोन गोष्टी एकाच वेळी पेलाव्या लागत आहेत. तीनवर एक कारागीर मठाच्या कमानीखाली काम करतो आहे आणि आराखडा घेतलेली माणसे त्याच्याशी बोलत आहेत. काम प्रथमच दुसऱ्यांच्या नजरेस पडले आहे.

चार ते सहा हा टप्पा मात्र सावकाश पाहावा, कारण नवशिक्यांचे बहुतेक गोंधळ येथेच होतात. चारवर मुकुट घातलेला माणूस एक नाणे छातीशी कवटाळून बसला आहे, एक डोक्यावर आहे आणि दोन पायांखाली दाबलेली आहेत. पुस्तिका त्याला कंजूष म्हणून मोकळी होते. पण तीननंतर आलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर ज्याने नुकतेच काही कमावले आहे आणि ते हातचे जाऊ नये म्हणून जो जागचा हलत नाही, असा तो दिसतो. चार ही घट्ट बसण्याची पायरी आहे, आणि जे हलतच नाही त्याला धक्का बसल्याखेरीज पुढे सरकता येत नाही. तो धक्का पाचवर बसतो : बर्फातून दोन कंगाल माणसे चालली आहेत, त्यांतला एक कुबड्या घेऊन आहे आणि त्यांच्या डोक्यावरच्या रंगीत काचेच्या खिडकीत उजेड आहे, पण दोघांपैकी कोणीही वर पाहत नाही. सहावर तराजू धरलेला एक सधन माणूस गुडघे टेकलेल्यांच्या हातात पैसे टाकतो. पाचवर मिटलेला व्यवहार येथे पुन्हा सुरू झाला आहे, मात्र देणारा उभा आहे आणि घेणारे खाली बसलेले आहेत. सहाचा दिलासा हा असा असतो. त्यातली उच्चनीचता नजरेआड करू नये. सोर्ड्सच्या सहावरही नाव नावाडीच वल्हवतो आणि आतली माणसे पाठमोरी बसून राहतात.

सातवर एक तरुण कुदळीवर टेकून वेलीला लागलेल्या नाण्यांकडे पाहतो आहे : पीक आले आहे, पण एवढ्या कष्टांना हे पुरेसे आहे का, असा त्याचा चेहरा आहे. आठवर तो प्रश्न सोडून माणूस पुन्हा बाकावर बसून एकेक नाणे घडवू लागतो. नऊवर द्राक्षमळ्यात एक स्त्री हातावर बहिरी ससाणा घेऊन एकटीच उभी आहे. दहावर कमानीखाली म्हातारा, जोडपे, मूल आणि कुत्रे असे अख्खे घर आहे, आणि दहा नाणी जीवनवृक्षाच्या आकृतीतच मांडलेली आहेत. चारही सुटींचे नऊ एकत्र ठेवून पाहावेत : प्रत्येकावर एकच माणूस आहे. गोष्ट जवळजवळ पुरी झालेली असते आणि जे पदरी पडले त्याच्यासमोर आपण एकटेच असतो, मग ते समाधान असो वा सोर्ड्समधल्यासारखी अंथरुणात उठून बसायला लावणारी चिंता.

या उदाहरणावरून एक पथ्य लक्षात येते. अंकाला गुण चिकटवू नये, त्याने फक्त पायरी सांगावी. आठ म्हणजे कौशल्य असे पाठ केलेला विद्यार्थी पेंटॅकल्सच्या आठवर खूश होतो आणि सोर्ड्सच्या आठवर, जिथे डोळे बांधलेली स्त्री तलवारींच्या मध्ये उभी आहे, तिथे गप्प होतो. सातवर जे तपासले त्याबाबत आता काय करायचे, एवढाच आठचा प्रश्न असतो. पेंटॅकल्समध्ये त्याचे उत्तर काम हे आहे, कप्समध्ये पाठ फिरवून निघून जाणे आहे आणि सोर्ड्समध्ये काही करता येईल हेच दिसेनासे झाले आहे. दहाबाबतही हेच आहे. कप्सच्या दहावर इंद्रधनुष्याखाली कुटुंब आहे, तर वॉन्ड्सच्या दहावर ओझ्याने वाकलेला माणूस. दोन्हीकडे गोष्ट पुरेपूर झालेली आहे, फक्त भावना पुरेपूर झाल्या की घर भरते आणि जबाबदाऱ्या पुरेपूर झाल्या की पाठ मोडते.

आता एक वाचन. घरातून शिवणकामाचे वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी विचारले की, बाजारात गाळा भाड्याने घ्यावा का. तीन पत्ते मांडले. सद्यःस्थितीच्या जागी पेंटॅकल्सचा सात, अडचणीच्या जागी कप्सचा चार आणि पुढच्या पावलाच्या जागी वॉन्ड्सचा दोन आला. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने सात, चार, दोन असा उतरता क्रम पाहून लगेच सांगितले की, काम मागे जाते आहे. नेमका हाच घोटाळा टाळायचा असतो. तीन पत्ते तीन वेगळ्या सुटींचे असतील, तर त्यांचे अंक एका धाग्यात ओवायचे नसतात. प्रत्येक विषय आपापल्या पायरीवर उभा असतो. एकाच सुटीचे दोन-तीन पत्ते आले, तरच त्यांच्यातला चढ किंवा उतार वाचावा.

तेव्हा वाचन असे झाले. उत्पन्न सातवर आहे : वर्ग चालतो, फळ दिसते आहे आणि बाई हिशेब करत थांबल्या आहेत. मन चारवर आहे. कप्सच्या चारवर झाडाखाली हाताची घडी घालून बसलेल्या तरुणासमोर तीन पेले आहेत, चौथा ढगातून आलेला हात पुढे करतो आहे आणि तो तिकडे बघत नाही. बाईंनी स्वतःहूनच सांगितले की, त्याच त्या ब्लाउजच्या कटिंगचा कंटाळा आला आहे आणि दोन मुलींनी विचारलेला भरतकामाचा वर्ग त्यांनी अजून मनावर घेतलेला नाही. वॉन्ड्सच्या दोनवर तटबंदीवर उभा असलेला माणूस हातात पृथ्वीचा गोल घेऊन दूर बघतो. एक काठी त्याच्या हातात आहे आणि दुसरी भिंतीच्या कडीत अडकवलेली आहे. तो अजून घरीच आहे. तीनवर गेल्यावर जहाजे समुद्रात दिसतात, दोनवर नाही. म्हणून गाळ्याचा विचार योजनेच्या पायरीवर आहे, करारावर सही करण्याच्या नाही, आणि गाळा हवासा वाटण्यामागे धंद्याची गरज किती आणि कंटाळा किती, हे भरतकामाचा वर्ग घरीच सुरू करून आधी पाहता येईल, एवढेच सांगितले. गाळा घ्या किंवा घेऊ नका, असे पत्त्यांच्या नावावर सांगण्याचा अधिकार वाचणाऱ्याला नाही, असे माझे मत आहे.

काही मर्यादा शेवटी नोंदवते. अंकावरून काळ काढू नये. सात म्हणजे सात महिने नव्हेत. पत्ता उलटा आला तर मी पायरी बदलत नाही, त्या पायरीवर अडकून पडणे किंवा ती मान्य न करणे असा अर्थ घेते, पण उलटे पत्ते न वाचणारेही अनेक जाणकार आहेत. दरबारी पत्ते आणि मेजर आर्काना या शिडीवर बसवू नयेत. मेजरचे क्रमांक ही वेगळीच चाल आहे. मार्सेय पत्त्यांवर वाचणाऱ्यांची अंकांची परंपराही निराळी आहे, त्यामुळे पाचची ती कठोरता तेथे गृहीत धरता येत नाही. आणि दहा आला की वाचन तेथेच थांबवू नये : पेंटॅकल्सचा दहा आलेल्या माणसाला, घर भरल्यावर आता एक्का कोणत्या सुटीचा उचलायचा आहे, असे विचारावे. बहुतेकांचे उत्तर पेंटॅकल्स नसते.