निविदा रद्द आणि फेरनिविदा: सूचनेतलं कारणाचं वाक्य कसं लिहावं

“प्रशासकीय कारणास्तव सदर निविदा रद्द करण्यात येत आहे.” हे वाक्य मी कित्येक वर्षं डोळे मिटून लिहीत होतो. आधीच्या फाईलमध्ये तेच असायचं, मग आपणही तेच उतरवायचं. एकदा सर्वांत कमी दराच्या निविदाकाराकडून दोन ओळींचं पत्र आलं: प्रशासकीय कारण म्हणजे नेमकं कोणतं? मी फाईल उघडली आणि घाम फुटला. टिपणीत एकाने विनिर्देशातली चूक लिहिली होती, दुसऱ्याने तरतूद अपुरी असल्याचं म्हटलं होतं, आणि समासात पेन्सिलने कुणीतरी खरडलं होतं, “यांचं मागचं काम समाधानकारक नव्हतं.” सूचनेत एक कारण, फाईलमध्ये तीन, आणि त्यातलं एक थेट त्याच्याविरुद्ध. त्याला आणखी काय हवं होतं?

म्हणून हा लेख जवळजवळ सगळा त्या एका वाक्याबद्दल आहे. सक्षम अधिकाऱ्याची लेखी मान्यता घेतल्याशिवाय सूचना काढायची नाही, निविदा क्रमांक आणि तारखा तपासायच्या, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. एक मर्यादा मात्र आधीच सांगतो. स्वीकृतीपत्र किंवा कार्यादेश गेला असेल, तर ही सूचना तुमच्या कामाची नाही. तिथे बहुधा करार झालेला असतो आणि प्रश्न करार मोडण्याचा असतो. वकिलाकडे जा.

उदाहरण म्हणून मी हाताळलेलं एक प्रकरण घेऊ. डिझेल जनरेटर खरेदीची निविदा होती. विनिर्देशाच्या भागात क्षमता 125 केव्हीए, आणि दरपत्रकात 125 किलोवॅट. टंकताना कुणीतरी एकक बदललं होतं. नेहमीच्या 0.8 पॉवर फॅक्टरला 125 केव्हीए म्हणजे 100 किलोवॅट. उलट 125 किलोवॅट हवे असतील तर सुमारे 156 केव्हीएचं यंत्र लागतं. तीन निविदा आल्या. दोघांनी लहान यंत्राचा दर दिला, एकाने मोठ्याचा. तांत्रिक छाननीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. दराचे लिफाफे उघडल्यावर तफावत दिसली, तेव्हा कुठे दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. दर उघड झाल्यानंतर रद्द करणं हा यातला सर्वांत अवघड प्रकार, कारण आता पहिल्या क्रमांकावर कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

रद्द करायचं ठरलं की त्या क्षणापासून एकही लिफाफा उघडायचा नाही. उत्सुकतेपोटीही नाही.

आता ते वाक्य. पहिली अट अशी की कारण कागदावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. “तांत्रिक कारणास्तव”, “व्यापक हित लक्षात घेता”, “अपरिहार्य कारणामुळे” ही कारणं नव्हेत, खरं कारण लपवण्याच्या जागा आहेत. जिथे जागा रिकामी दिसते तिथे वाचणारा स्वतःचा संशय भरतो. त्याऐवजी असं लिहा: “निविदा कागदपत्राच्या भाग 4 मधील विनिर्देशात क्षमता 125 केव्हीए, तर भाग 6 मधील दरपत्रकात 125 किलोवॅट अशी नमूद आहे. त्यामुळे प्राप्त दरांची समान आधारावर तुलना करणे शक्य नाही.” कुणीही दोन पानं उघडून खात्री करू शकतो. यात कोण चुकलं हे नाही, कागदात काय आहे आणि त्याचा परिणाम काय झाला एवढंच आहे.

परिणामाचा भाग गाळू नका. नुसती चूक सांगितली तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग शुद्धिपत्रक का काढलं नाही, स्पष्टीकरण का मागवलं नाही? तुलना होऊ शकत नाही आणि दर उघडल्यानंतर कुणालाही दर बदलू देणं इतरांवर अन्याय करणारं ठरेल, हे टिपणीत सविस्तर आणि सूचनेत एका ओळीत आलं की तो प्रश्न तिथेच संपतो.

दुसरी अट: कारण एकच. खरोखर दोन असतील तर दोन लिहा, पण वजन वाढावं म्हणून चार जोडू नका. चारांपैकी एक लंगडं निघालं की उरलेल्या तीनांवरचा विश्वासही जातो. “दरही जास्त वाटतात” हे शेपूट तर हमखास जोडलं जातं. दर जास्त असणं हे स्वतंत्र कारण आहे आणि त्याला अंदाजपत्रकाशी केलेली तुलना लागते. ती केली नसेल तर तो मुद्दा लिहू नका.

तिसरी अट: वाक्यात निविदाकार आणायचा नाही. नाव तर नाहीच, पण “काही निविदाकारांनी चुकीचा अर्थ लावल्याने” असंही नाही. वर पाहा, अर्थ लावण्यात कुणी चुकलंच नव्हतं, कागदच दोन तोंडांनी बोलत होता. एकही निविदा पात्र ठरली नसेल तर “प्राप्त निविदांपैकी एकही पात्रता निकष पूर्ण करत नाही” एवढं पुरतं. कोणाचं कोणतं प्रमाणपत्र कमी होतं ते ज्याला त्याला स्वतंत्र पत्राने कळवा. संगनमताचा संशय असेल तर तो सूचनेत लिहिणं म्हणजे बदनामीच्या दाव्याला आमंत्रण. त्याची चौकशी वेगळ्या फाईलवर चालते.

पण तटस्थ म्हणजे खोटं नव्हे, हे इथेच ठासून सांगतो. मला एकदा सल्ला मिळाला होता, “सोपं काहीतरी लिहून टाक, निधी नाही असं लिही.” महिन्याभराने त्याच कामाची फेरनिविदा काढल्यावर तो निधी कुठून आला हे कोण सांगणार होतं? टिपणी, मान्यतेचा आदेश, सूचना आणि निविदाकारांना जाणारं पत्र या चारही ठिकाणी वाक्य शब्दशः तेच हवं. मी आता ते टिपणीतच अवतरणचिन्हांत घालून मान्यतेला पाठवतो, म्हणजे पुढे कुणी ते “सुधारत” नाही. आणि टिपणीत कुणी अवांतर शेरा मारला, तर त्यावर समितीचं लेखी मत घेऊनच फाईल पुढे सरकते. शेरा खोडून टाकणं हा उपाय नाही.

“कोणतेही कारण न देता निविदा रद्द करण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे” हे कलम मूळ कागदपत्रात असतंच. त्याचा क्रमांक जरूर द्या, पण कारण देऊन. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत या कलमामागे लपता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने 2011 मध्ये सार्वजनिक खरेदीचा नमुना कायदा स्वीकारला. त्याच्या कलम 19 नुसार रद्द करण्याचा निर्णय आणि त्याची कारणं नोंदवावी लागतात आणि निविदा भरणाऱ्यांना तत्परतेने कळवावी लागतात. रद्द केल्याची सूचना मूळ माहिती जिथे आणि जशी छापली होती तिथे आणि तशीच छापायची, हेही त्यातच आहे. रद्द करण्याची वेळ संस्थेच्या बेजबाबदार किंवा दिरंगाईच्या वागण्यामुळे आली नसेल, तर निविदाकारांप्रति तिच्यावर दायित्व येत नाही, असंही ते कलम म्हणतं. म्हणून तफावत कोणत्या तारखेला लक्षात आली आणि त्यानंतर किती दिवसांत निर्णय झाला हे टिपणीत असू द्या. माफी किंवा “गैरसोयीबद्दल दिलगिरी” मात्र सूचनेत नको. ते वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जातं.

आता फेरनिविदा. इथे बहुतेकजण घसरतात. रद्द करण्याचं कारण नव्या कागदपत्रात दिसलं पाहिजे, आणि शक्यतो तेवढंच बदललेलं दिसलं पाहिजे. जनरेटरच्या प्रकरणात आम्ही दरपत्रकातलं एकक दुरुस्त करून थांबणार होतो. तेवढ्यात एका विभागाने सुचवलं, “हातासरशी अनुभवाची अट तीन वर्षांवरून पाच करू या.” पहिल्या क्रमांकाच्या निविदाकाराचा अनुभव चार वर्षांचा होता. सूचना कितीही तटस्थ असती तरी ती एक अट सगळ्यावर पाणी फिरवून गेली असती. मी नकार दिला. तसा बदल खरंच गरजेचा असेल तर त्याचं स्वतंत्र कारण रद्द करतानाच्या टिपणीत हवं, नंतर सुचलेलं नव्हे. अंदाजपत्रकाचंही तसंच: उघडलेले दर पाहून ते वर-खाली केलं तर ते उघड दिसतं.

रद्दची आणि फेरनिविदेची सूचना एकत्र काढावी का? नवं कागदपत्र तयार असेल तरच. नसेल तर फक्त रद्द करा. “लवकरच” हा शब्द टाळा, तो वचन होऊन बसतो.

आमची सूचना साधारण अशी होती:

“निविदा क्र. ____, दि. ____ अन्वये मागविलेली जनरेटर खरेदीची निविदा, निविदा अट क्र. ____ नुसार, सक्षम अधिकाऱ्याच्या दि. ____ च्या मान्यतेने रद्द करण्यात येत आहे. कारण: निविदा कागदपत्राच्या भाग 4 मधील विनिर्देशात क्षमता 125 केव्हीए, तर भाग 6 मधील दरपत्रकात 125 किलोवॅट अशी नमूद आहे. त्यामुळे प्राप्त दरांची समान आधारावर तुलना करणे शक्य नाही. सर्व निविदाकारांची बयाणा रक्कम दि. ____ पर्यंत परत करण्यात येईल. उक्त तफावत दूर करून फेरनिविदा क्र. ____ याद्वारे मागविण्यात येत आहे. इतर अटींत बदल नाही. पूर्वी सादर केलेली निविदा फेरनिविदेसाठी ग्राह्य धरली जाणार नाही. इच्छुकांनी नव्याने निविदा सादर करावी. पूर्वी निविदा शुल्क भरलेल्या सर्वांना फेरनिविदेचे शुल्क माफ राहील.”

शेवटच्या वाक्यातला “सर्वांना” महत्त्वाचा. सवलत द्यायची तर अर्ज विकत घेऊन निविदा न भरणाऱ्यालाही द्या.

पत्रं सगळ्यांना एकाच दिवशी. बँक हमी असेल तर मूळ प्रत पोच घेऊन परत करा.

आक्षेप आलाच तर उत्तरात तेच कारण पुन्हा शब्दशः उतरवा आणि भाग 4 व भाग 6 ची ती दोन पानं जोडा. नवा मुद्दा घालू नका. फोनवर विचारलं तर सांगा, लेखी पाठवा. मी एकदा फोनवर “अहो, तुमचा दर चांगलाच होता” असं सहज बोलून गेलो होतो, आणि ते वाक्य तारीख-वेळेसह पुढच्या पत्रात छापून आलं.