गिटारच्या तारा बदलताय? नायलॉनच्या गिटारीवर स्टील चढवायची चूक टाळा

लातूरला शेजारच्या एका लेकराची गिटार बघायला घेतली होती. तक्रार एवढीच की तारा नवीन टाकल्यापासून दाबायला लई जड जाऊ लागल्यात. बघितलं तर गिटार क्लासिकल, म्हणजे नायलॉनची, आणि तिच्यावर चढवलेला सेट स्टीलचा. चौथी तार तुटली म्हणून तो दुकानातून अख्खा सेट घेऊन आला होता, आणि त्याचं म्हणणं होतं, "काका, जाड तीन तारा तर लोखंडीच दिसूलाल्यात की!"

इथंच बहुतेकजण फसतात. क्लासिकल गिटारच्या चौथी, पाचवी, सहावी या तारा चकाकतात खऱ्या, पण ते वरचं वेष्टण असतं, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारीक तारेचं, आतमध्ये नायलॉनचे धागेच असतात. म्हणून जाड तारा बघून ठरवूच नका, बारीक तीन बघा. त्या प्लास्टिकसारख्या पारदर्शक किंवा गुळगुळीत असतील तर गिटार नायलॉनची. तारा आधीच काढून टाकल्या असतील तर ब्रिज बघा, क्लासिकलला तार ब्रिजच्या भोकातून ओवून गाठ मारतात, स्टीलच्या बहुतेक गिटारींना सहा पिना असतात. पण काही स्वस्त स्टीलच्या गिटारींनाही पिना नसतात, त्यामुळं शंका असली तर जुनी तार दुकानात सोबत न्या.

आता फरक किती पडतो ते बघा. नायलॉनच्या नॉर्मल टेन्शन सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो असतो. स्टीलच्या १२ नंबर, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेल्या सेटचा ७० किलोच्या वर जातो, आणि १० नंबरचा हलका सेट घेतला तरी ६० च्या आसपास. क्लासिकलची वरची फळी पातळ, आतल्या पट्ट्या हलक्या आणि नेक वाकू नये म्हणून आत बसवतात तो ट्रस रॉड बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळं हा जादा ताण थेट ब्रिजवर आणि नेकवर येतो. त्या लेकराच्या गिटारीत ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सहज आत जात होतं, ब्रिजमागची फळी फुगली होती आणि १२ व्या फ्रेटवर तार पार वर गेली होती. असं दिसलं की पहिलं काम म्हणजे सगळ्या तारा थोड्या थोड्या करत ढिल्या करा, एकच तार पूर्ण सोडू नका. फट पडली असेल तर ब्रिज काढून, जुना गोंद खरवडून, क्लॅम्प लावून परत चिकटवावा लागतो आणि ते काम कारागिराकडूनच करून घ्या. वरून फेविक्विक ओतू नका बाबांनो, पुढं तो ब्रिज नीट निघत पण नाही आणि नीट बसत पण नाही.

उलटं, म्हणजे स्टीलच्या गिटारीवर नायलॉन टाकलं तर गिटार मोडत नाही, पण आवाज मरतो आणि नायलॉनच्या पहिल्या तीन तारा स्टीलपेक्षा जाड असल्यानं नेकच्या टोकाच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, बारीक खाचेत बसत नाहीत.

ज्यांची गिटार खरंच स्टीलची आहे त्यांनी गेज, म्हणजे तारेची जाडी, बघून घ्या. १० नंबर म्हणजे पहिली तार ०.०१० इंच, मिलिमीटरमध्ये ०.२५. नवशिक्याला आणि जुन्या, नेक वाकलेल्या गिटारीला हाच बरा. १२ ला आवाज भरीव येतो पण बोटं मजबूत लागतात आणि गिटारही. मटेरियलमध्ये ८०/२० ब्राँझ सुरुवातीला खणखणीत वाजतं पण लवकर मंदावतं, फॉस्फर ब्राँझ थोडं उबदार आणि जास्त टिकतं. आपल्याकडं एप्रिल-मेच्या घामात तारा पटकन काळ्या पडतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायची सवय लावा. तारेच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं आणि फ्रेटच्या जागी खड्डे लागले तर ती तार झिजलीय, सुरात राहणार नाही.

नायलॉनवाल्यांनी नॉर्मल टेन्शनच घ्या, हार्ड टेन्शन अनुभवी हाताला आणि चांगल्या गिटारीलाच. गाठ मारताना बारीक तिन्ही तारांना दोन-तीन पीळ द्या, गुळगुळीत असल्यानं एका पिळात त्या सटकतात आणि तारेचं टोक फळीवर असं आपटतं की खूण राहते. आणि नवीन नायलॉन तीन-चार दिवस ताणत राहतं, सारखं उतरतं, म्हणून खुंटी खराब झाली समजून खुंटी बदलायला धावू नका. दिवसातून दोनदा सुरात आणा आणि मधोमध हलकेच ओढून परत लावा.

पहिली तार चढवतानाच तुटते अशी तक्रार करणाऱ्यांनी ट्यूनर ॲप बघा. त्यात नुसतं E दिसतं, पण पहिल्या तारेचा सूर E4, म्हणजे साधारण ३३० हर्ट्झ. तिथून पुढं खुंटी फिरवत राहिलात तर वरच्या E ला पोचायच्या आधीच तार जाते.