सोन्याची भिशी लावताय? या चुका टाळा

वहिनींनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक सराफाच्या मासिक योजनेचं, म्हणजे सोन्याच्या भिशीचं कार्ड. त्याच्या अकरा चौकोनांत अकरा निळे शिक्के होते आणि बाराव्यात लाल अक्षरांत छापलेलं, ‘हा हप्ता आमचा’. दुसरं होतं साखळीचं बिल. “भाऊजी, बारावा हप्ता त्यांनी भरला ना? मग साखळी पाच ग्रॅमचीसुद्धा का भरली नाही?”

हिशेब लिहिणं हेच माझं काम, म्हणून घरातले असले कागद माझ्याकडेच येतात. उत्तर बिलाच्या तिसऱ्या ओळीत होतं : घडणावळ १८ टक्के. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अकरा अटी होत्या, पण घडणावळीचा दर त्यात कुठेच नव्हता. वर्षभर पैसे भरून झाले तरी तो वहिनींना कुणी सांगितला नव्हता, आणि त्यांनीही विचारला नव्हता.

पहिली चूक : बोनस बघणं, घडणावळ न बघणं

महिना ५,००० रुपये, अकरा हप्ते, बारावा सराफाचा. कागदावर ही योजना खरंच चांगली आहे. पहिला हप्ता अकरा महिने अडकतो, शेवटचा एकच महिना, म्हणजे तुमचे ५५,००० रुपये काही वर्षभर अडकलेले नसतात. त्यावर मिळणारे ५,००० वार्षिक व्याजाच्या भाषेत १८ टक्क्यांच्या आसपास जातात. एवढं कुठली बँक देणार? इथेच माणूस भुलतो.

हे ५,००० रोख हातात येत नाहीत. ते त्याच दुकानात, त्याच दुकानाच्या घडणावळीने, दागिन्यातूनच वसूल करायचे असतात. आता वहिनींचा हिशेब मांडू. सोपं जावं म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू.

योजनेतून हातात आले ६०,०००. त्याला १.०३ ने भागून ३ टक्के जीएसटी वेगळा काढला की उरतात साधारण ५८,२५०. यात सोनंही आलं आणि त्या सोन्याच्या किमतीवरची १८ टक्के घडणावळही. सोन्याच्या वाट्याला येतात साधारण ४९,३७० रुपये, म्हणजे ४.९४ ग्रॅम.

आता समजा वहिनींनी हेच हप्ते बँकेच्या आवर्ती खात्यात भरले असते. साडेसहा टक्क्यांनी १,८०० रुपयांच्या आसपास व्याज धरा, हातात ५६,८००. शेजारच्या पेढीत तशाच साखळीला १२ टक्के घडणावळ होती. तिथे जीएसटी आणि घडणावळ काढून सोनं मिळालं असतं ४.९२ ग्रॅम. फरक पुरता ०.०२ ग्रॅमचाही नाही, या भावाने जेमतेम १३० रुपयांचा. बाराव्या हप्त्यातले बाकीचे पैसे जास्तीच्या घडणावळीत आणि बुडालेल्या व्याजात जिरले.

म्हणून योजना वाईट असते असं नाही. वहिनींच्या सराफाचीच घडणावळ १२ टक्के असती तर त्यांना ५.२० ग्रॅम मिळालं असतं, आणि तो फायदा घसघशीत म्हणावा लागेल. तेव्हा पहिला हप्ता भरण्याआधी काउंटरवर विचारायचं ते एवढंच : “मला घ्यायचा आहे तो प्रकार दाखवा, त्याची आजची घडणावळ किती, आणि योजनेच्या ग्राहकाला तीच लागणार का?” उत्तर कार्डावर लिहून, शिक्क्यासह घ्या. ‘घडणावळीवर शंभर टक्के सूट’ असं लिहिलेलं असेल तर पुढचं वाक्य वाचा. बहुधा तिथे ‘अमुक टक्क्यांपर्यंत’ असतं, आणि नक्षीकामाचा दागिना त्या मर्यादेच्या वर जातो. वरचा फरक तुमचा.

अजून एक. ज्या दिवशी वहिनींचं बिल झालं, त्या दिवशी दुकानात घडणावळीवर सवलत चालू होती. योजनेच्या ग्राहकांना ती लागू नव्हती. ‘ही सवलत इतर कोणत्याही सवलतीसोबत मिळणार नाही’ ही अट जवळपास प्रत्येक कार्डावर असते. म्हणजे वर्षभर हप्ते भरणाऱ्याला १८ आणि त्या दिवशी सहज आत शिरलेल्याला त्याहून कमी. असं झालं तर दोन्ही पद्धतींनी बिल काढून दाखवायला सांगा. बोनस सोडून चालू सवलत घेणं कधीकधी खरंच फायद्याचं ठरतं.

दुसरी चूक : रुपये साठतायत की ग्रॅम, हे न विचारणं

दोन्ही योजनांची कार्डं सारखीच दिसतात. एकीत तुमच्या नावावर रुपये जमा होतात आणि शेवटी त्या दिवसाच्या भावाने सोनं मिळतं. दुसरीत प्रत्येक हप्त्याचं त्याच दिवशीच्या भावाने वजन होतं आणि शेवटी ते वजन तुमचं.

अकरा हप्त्यांच्या काळात भाव १०,००० वरून एकसारखा चढत १२,००० ला गेला असं समजा. रुपयांच्या योजनेत बोनस धरून ६०,००० रुपये, शेवटच्या भावाने ५ ग्रॅम. वजनाच्या योजनेत बोनस अजिबात नसला तरी ५५,००० रुपयांचं ५.०२ ग्रॅम जमतं. घडणावळ आणि कर दोन्हीकडे धरलेले नाहीत. म्हणजे वर्षभरात भाव वीस टक्के चढला की ‘आमचा हप्ता’ पूर्ण धुऊन निघतो. भाव स्थिर राहिला किंवा उतरला तर मात्र रुपयांची योजना सरस. पुढे भाव कुठे जाईल हे मला सांगता येत नाही, सराफालाही नाही. पण लग्नासाठी ठरावीक वजन जमवायचंच असेल तर मी वजनाची योजना घेईन, कारण तिथे मला पैशांपेक्षा ग्रॅमची काळजी असते.

वजनाच्या योजनेत एक गोष्ट नक्की तपासा : जमा होणारं वजन चोवीस कॅरेटच्या भावाने धरलंय की बावीसच्या? दागिना बावीसचा असतो. कार्डावर नुसतं ‘सोने’ लिहिलेलं असेल तर कॅरेट लिहून घ्या. आणि पावतीवर त्या दिवसाचा भाव व जमा वजन दोन्ही हवेत. नुसत्या रकमेची पावती या योजनेत कामाची नाही.

नाणं, वेढणी किंवा बिस्किट मिळेल असं गृहीत धरू नका. पुष्कळ योजनांत फक्त दागिनाच घेता येतो, कारण दुकानाची कमाई घडणावळीत असते.

तिसरी चूक : हप्ता चुकला तर काय, हे शेवटी कळणं

या योजना बहुधा दहा किंवा अकरा हप्त्यांच्याच असतात, त्यामागे कायदा आहे. कंपन्यांसाठीच्या २०१४ च्या ठेवीविषयक नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ‘ठेव’ धरली जाते, आणि लोकांकडून ठेवी घेण्यावर कडक बंधनं आहेत. म्हणून पेढ्या वर्षाच्या आत हिशेब मिटवतात. कुणी दोन-तीन वर्षांची योजना ठरावीक परताव्यासह सांगत असेल तर तिथून उठा. मालक एकटा असो वा भागीदारी, २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा त्यांनाही लागू आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मुदत फारशी ताणता येत नाही. एखादा हप्ता राहिला की पूर्ण होण्याची तारीख एक महिना पुढे जाते. दोन राहिले की ३६५ दिवसांची रेघ जवळ येते, आणि मग पेढी बोनस न देता मुद्दल परत करून खातं बंद करते. हप्ते पूर्ण करून ‘पुढच्या सणाला घेऊ’ म्हणत बसलेल्यांचंही हेच होतं. कार्डावर दागिना घेण्याची शेवटची तारीख शोधा आणि मोबाइलमध्ये तिच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावून ठेवा.

मध्येच योजना सोडली तर बोनस जातो, हे समजण्यासारखं आहे. पण मुद्दल रोख, खात्यात की फक्त सोन्याच्या रूपात, हे दुकानागणिक बदलतं. आधी विचारून ठेवा. अडचण आल्यावर घाईत विचारलं की मिळेल ते उत्तर मान्य करावं लागतं.

चौथी चूक : हे पैसे बँकेसारखे समजणं

बँकेतल्या ठेवीला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सराफाकडच्या हप्त्यांना असलं काही नाही. रिझर्व्ह बँक किंवा सेबी या योजनांवर देखरेख करत नाही. तुम्ही हप्ता भरलात की तुमच्या नावाने सोनं तिजोरीत बाजूला पडतं असंही नाही. पैसे धंद्यात फिरतात आणि पेढी तुमचं फक्त देणं लागते, त्यामागे तारण काही नसतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, ठाणे-डोंबिवली भागात बऱ्याच शाखा असलेल्या एका पेढीची दुकानं अचानक बंद झाली आणि हप्ते भरणाऱ्यांच्या पोलीस ठाण्याबाहेर रांगा लागल्या. ती पेढीही बाहेरून चकचकीतच होती.

त्यामुळे एकाच ठिकाणी सगळी शिल्लक नको. हप्ता पेढीच्या नावाच्या खात्यात बँकेतून किंवा यूपीआयने जाऊ द्या, मालकाच्या वा विक्रेत्याच्या वैयक्तिक क्रमांकावर नाही. रोख भरलीच तर जीएसटी क्रमांक छापलेली पावती घ्या. नुसता शिक्का हा पुरावा म्हणून फार लंगडा.

पेढी डळमळतेय हे आधी छोट्या गोष्टींतून दिसतं : मुदत पूर्ण झालेल्यांना ‘माल पुढच्या आठवड्यात येईल’, परताव्याचे धनादेश पुढच्या तारखेचे, मुदत संपायच्या आत पुढच्या योजनेत वळवण्याचा आग्रह, काचेच्या कपाटांत विरळ होत गेलेला माल. यातलं दोनदा दिसलं तर पुढचा हप्ता थांबवा आणि लेखी अर्ज देऊन जमा रकमेचा दागिना किंवा परतावा मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर नाही मिळालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. दुकानच बंद झालं असेल तर थेट पोलिसांत जा; महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा अशाच प्रकरणांत लावला जातो. कार्ड, पावत्या आणि बँक खात्याचा उतारा यांच्या प्रती घरी वेगळ्या ठेवा, कारण तक्रारीसोबत मूळ कार्ड कधीकधी जमा करावं लागतं.

दागिना घेताना

खडे किंवा मीना असेल तर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर खड्यांचे पैसे सोन्याच्या भावाने जातात. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, म्हणजे एचयूआयडी हवा; तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये काउंटरवर उभं राहूनच तपासा, विक्रेता कंटाळला तरी. जमा रकमेपेक्षा दागिना महाग निघाला तर वरच्या रकमेवर कोणत्या दिवसाचा भाव लावला तेही पाहा.

वहिनींनी या वर्षी परत भिशी लावली आहे, शेजारच्या पेढीत. कार्डाच्या मागे पेनाने लिहिलंय : ‘साखळी, घडणावळ १२ टक्के’, आणि खाली सराफाची सही.