एका टोकाला बांधलेली तार: विषम विस्तार आणि उलटून परतणारा स्पंद

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर आंशिक विकल समीकरणांची गणिते सोडवताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. दोन्ही बाजूंना अनंत पसरलेल्या तारेवर सगळ्यांचे हात सहज चालतात, पण तीच तार x = 0 या टोकाला खिळ्याला बांधली की तीच मुले थबकतात आणि पुस्तकातले दोन तुकड्यांचे सूत्र पाठ करू लागतात. ते सूत्र चार दिवसांत विसरले जाते. ज्यांना हा भाग नव्याने शिकायचा आहे त्यांनी सूत्राऐवजी एक कृती हाताशी धरावी, असे माझे अनुभवाने बनलेले ठाम मत आहे. ती कृती म्हणजे तारेचा सुरुवातीचा आकार आधी संपूर्ण रेषेवर विषम पद्धतीने वाढवून कागदावर काढणे आणि मगच पुढे जाणे.

समीकरण तेच आहे: u_tt = c² u_xx, फक्त आता x > 0. सुरुवातीचा आकार u(x,0) = φ(x), सुरुवातीचा वेग u_t(x,0) = ψ(x) आणि बांधलेल्या टोकाची अट u(0,t) = 0. जाँ द'अलंबेर यांनी १७४७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कोणतेही उत्तर दोन तरंगांच्या बेरजेने बनते. एक आकार न बदलता उजवीकडे जातो आणि दुसरा डावीकडे. अनंत तारेसाठी त्यातून पुढील सूत्र निघते:

```
u(x,t) = [φ(x+ct) + φ(x−ct)]/2 + (1/2c) ∫ ψ(s) ds,   s: x−ct ते x+ct
```

आपल्या तारेवर हे सूत्र वापरायला गेलो की x−ct ही किंमत ऋण होताच अडचण येते. बिंदू टोकाजवळ असेल आणि वेळ पुरेसा गेला असेल, तर सूत्र φ ची अशा ठिकाणची किंमत मागते जिथे तारच नाही. म्हणजे तिथे φ काय असावे हे ठरवण्याची मोकळीक आपल्याला आहे, आणि टोक हलू नये या एकाच मागणीने ते ठरवावे लागते. x = 0 ठेवले की पहिली दोन पदे [φ(ct) + φ(−ct)]/2 अशी होतात. ती प्रत्येक क्षणी शून्य व्हायची असतील, तर φ(−s) = −φ(s) असलेच पाहिजे. संकलनाच्या पदासाठी ψ लाही हीच मागणी लागू होते. विषम विस्तार हा युक्तीचा भाग वाटतो, पण या दोन ओळींत तो आपोआप समोर येतो. म्हणून तो प्रत्येक वेळी स्वतः काढून पाहावा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. c = 1 घेऊ, सुरुवातीचा वेग शून्य ठेवू आणि आकार त्रिकोणी घेऊ: ३ ते ५ या भागात φ(x) = 1 − |x − 4|, बाकी सर्वत्र शून्य. म्हणजे ४ वर शिखर असलेला, १ उंचीचा त्रिकोण. विषम विस्तार केल्यावर −४ पाशी तसाच त्रिकोण खाली तोंड करून तयार होतो. तार सोडली की प्रत्येक त्रिकोणाचे दोन भाग होतात, आणि प्रत्येक भागाची उंची निम्मी, १/२, असते. खऱ्या त्रिकोणाचा अर्धा भाग उजवीकडे कायमचा निघून जातो आणि अर्धा टोकाकडे येतो. काल्पनिक बाजूच्या उलट्या त्रिकोणाचा अर्धा भाग उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. t = 3 ला दोघांच्या कडा x = 0 पाशी भेटतात आणि t = 5 पर्यंत ते एकमेकांतून आरपार जातात. त्यानंतर खऱ्या तारेवर जे दिसते ती म्हणजे काल्पनिक बाजूने आलेली उलटी आकृती, आणि तिलाच आपण परावर्तित स्पंद म्हणतो.

या दोन एककांच्या काळात काय घडते ते सावकाश पाहावे, कारण सगळे समजणे तिथेच दडलेले आहे. t = 3.5 ला येणाऱ्या भागाचे शिखर x = 0.5 वर आहे आणि उलट्या भागाचे x = −0.5 वर. ० ते ०.५ या पट्ट्यात पहिला भाग (0.5 + x)/2 इतका आणि दुसरा −(0.5 − x)/2 इतका आहे; बेरीज नेमकी u = x येते. ०.५ ते १.५ या पट्ट्यात उलटा भाग पोहोचलेलाच नाही, म्हणून तिथे u = (1.5 − x)/2. दोन्ही तुकडे x = 0.5 वर १/२ या किमतीला जुळतात. टोकापाशी तारेचा चढ १ आहे, आणि येणाऱ्या स्पंदाचा चढ मात्र १/२ होता. टोकावर विस्थापने एकमेकांना खोडतात, पण चढांची बेरीज होते. खिळ्यावर तारेचे आडवे बल ताण गुणिले चढ इतके असते, त्यामुळे खिळ्याला दुप्पट बल सोसावे लागते. तार उलटते ती याच बलामुळे.

त्यानंतर t = 4 येतो. दोन्ही शिखरे x = 0 वर एकावर एक येतात आणि टोकाजवळची तार संपूर्ण सपाट होते. फक्त दूर ७ ते ९ च्या दरम्यान निघून गेलेला अर्धा भाग दिसतो. इथे विद्यार्थी हमखास विचारतात की स्पंद गेला कुठे, आणि हा प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर वेगात आहे. u_t काढला तर ० ते १ या संपूर्ण पट्ट्यात तो −१ येतो. तार सपाट असली तरी जोरात खाली जात आहे. तारेची रेषीय घनता आणि ताण दोन्ही १ धरून ऊर्जा मोजू. टोकाकडे येणाऱ्या अर्ध्या भागात u_t आणि u_x या दोघांचे वर्ग प्रत्येकी १/४ आहेत आणि रुंदी २ आहे, म्हणून ऊर्जा (1/2)(1/4 + 1/4)(2) = 1/2. सपाट क्षणी चढ शून्य आहे, वेगाचा वर्ग १ आहे आणि रुंदी १ आहे, म्हणून ऊर्जा (1/2)(1)(1) = 1/2. काहीही हरवलेले नाही. स्थितिज ऊर्जा त्या क्षणी पूर्णपणे गतिज झाली आहे. t = 4.5 ला टोकाजवळ u = −x मिळते आणि उलटा स्पंद आकार घेऊ लागतो. हा ताळा स्वतःच्या हाताने एकदा करावा, कारण केवळ आकृती पाहून "सपाट म्हणजे संपले" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

संगणकावर पडताळा घ्यायचा असेल, तर वेगळे काहीही करावे लागत नाही:

```python
import numpy as np
phi = lambda s: np.maximum(0, 1 - abs(s - 4))
odd = lambda s: np.sign(s) * phi(abs(s))
x = np.linspace(0, 10, 1001)
t = 3.5
u = (odd(x + t) + odd(x - t)) / 2
```

इथे `u[50]`, म्हणजे x = 0.5 वरील किंमत, ०.५ यायला हवी आणि `u[0]` शून्य यायला हवी. t बदलत जावे आणि ३ ते ५ मधली चित्रे एकाखाली एक ठेवून पाहावीत.

परीक्षेत गुण जातात ते मात्र दुसऱ्याच जागी. φ सूत्राने दिलेले असते आणि ते सूत्र ऋण x साठीही गणिताने चालत असते, म्हणून विद्यार्थी तेच तसेच वापरतो. φ(x) = x² आणि ψ = 0 घेऊ. विषम विस्तार डावीकडे −x² असा हवा. तो न करता x² च वापरला, तर उत्तर x² + c²t² येते. समीकरण त्याने पाळले जाते, सुरुवातीची अटही पाळली जाते, पण x = 0 ठेवले की c²t² उरते, म्हणजे बांधलेले टोक वर सरकत चालले आहे. योग्य उत्तर x > ct साठी x² + c²t² हेच आहे, पण x < ct साठी [(x+ct)² − (ct−x)²]/2 = 2cxt आहे. x = ct या रेषेवर दोन्ही 2x² ला जुळतात. म्हणून उत्तर लिहून झाले की आधी x = 0 आणि मग x = ct ठेवून पाहण्याची सवय लावावी; या दोन तपासण्यांत बहुतेक चुका उघड्या पडतात.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंना u_xx अनुक्रमे २ आणि ० आहे, म्हणजे द्वितीय विकलजात उडी आहे. कारण असे की φ(0) = 0 असले तरी φ''(0) = 2 आहे, आणि विषम वाढवलेल्या फलाला शून्यापाशी द्वितीय विकलज सलग हवा असेल, तर φ''(0) = 0 असावे लागते. सगळीकडे दोनदा विकलनीय उत्तर हवे असल्यास φ(0), φ''(0) आणि ψ(0) ही तिन्ही शून्य आहेत का हे तपासावे. आपल्या त्रिकोणाला तर मुळातच कोपरे आहेत, म्हणून त्याचे उत्तर कोपऱ्यांच्या रेषांवर रूढ अर्थाने समीकरण पाळत नाही. तिथे ते व्यापक अर्थाने उत्तर मानले जाते.

वेगाचे पद अनेकजण घाईत उरकतात, पण त्यातच परावर्तनाचा वेगळा परिणाम दिसतो. φ = 0 आणि ३ ते ५ या भागात ψ = 1 घेऊ, म्हणजे तारेवर तेवढ्याच भागात टोला मारला. विषम ψ चे संकलन करताना x−ct पासून ct−x पर्यंतचा भाग स्वतःशीच खोडला जातो आणि x < ct साठी फक्त ct−x ते ct+x एवढे संकलन उरते. x = 2 या बिंदूवर c = 1 धरून पाहिले, तर तार t = 1 पासून वर जाऊ लागते, t = 3 ला १ वर पोहोचते, t = 5 पर्यंत तिथेच राहते आणि t = 7 ला पुन्हा शून्यावर येते. अनंत तारेवर तोच बिंदू १ वर कायम उचललेला राहिला असता. बांधलेल्या टोकाकडून परतलेला उलटा तरंग त्याला मूळ जागी आणून सोडतो.

ही पद्धत चालते, कारण समीकरणात x चा फक्त द्वितीय विकलज आहे आणि x च्या जागी −x टाकल्याने तो बदलत नाही. समीकरणात u_x चे पद आले की ही समरूपता मोडते आणि विषम विस्तार उपयोगाचा राहत नाही. टोक आडव्या दिशेने मोकळे असेल, म्हणजे तिथे u_x = 0 असेल, तर सम विस्तार घ्यावा; मग स्पंद सुलट परततो आणि टोक क्षणभर येणाऱ्या स्पंदाच्या दुप्पट उंच जाते. तारेवर बाहेरून बल f(x,t) लागत असेल, तर तेही x मध्ये विषम वाढवावे. टोकाला स्प्रिंग बांधलेली असेल, तर u आणि u_x यांचे मिश्रण शून्य असते. तिथे परतणाऱ्या तरंगाचा आकारच बदलतो आणि त्याच्यासाठी वेगळे साधे विकल समीकरण सोडवावे लागते. टोक h(t) प्रमाणे हलवले जात असेल, तर h(t − x/c) हा उजवीकडे जाणारा तरंग x < ct या भागात वेगळा मिळवावा आणि उरलेल्या भागावर विषम विस्तार लावावा.