मित्राकडे राहिलेले पैसे मागताय? मेसेजमधल्या या चुका टाळा

पहिली चूक मेसेज लिहिण्याआधीच होते. ॲपमध्ये मित्राच्या नावाची जमा नोंद दिसली नाही की आपण ठरवून टाकतो, याने पैसे दिलेच नाहीत. पण ॲपमधला इतिहास बहुतेक वेळा त्या ॲपपुरताच असतो. त्याने दुसऱ्या ॲपवरून किंवा थेट खात्यात पाठवले असतील, तर ते बँकेच्या पासबुकातच सापडतील. तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापासूनच्या जमा नोंदी तिथे एकदा बघून घ्या.

दुसरी चूक जास्त अवघडल्यासारखं करणारी आहे: नोंदीतला आकडा तसाच पुढे ढकलणं. नोंद सांगते तुम्ही किती भरले. मित्राचा वाटा किती, हे ती सांगत नाही. समजा, चौघांच्या मुक्कामाचे ९,६०० रुपये तुम्ही १४ मार्चला भरले आणि १७ मार्चला त्यातले १,२०० परत आले. परतावा वेगळ्या नोंदीत येतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. मग मागणी जाते २,४०० ची, खरा वाटा असतो २,१००. तीनशेच रुपये, पण मित्राला परताव्याचं आठवत असेल तर उरलेल्या हिशोबावरही त्याचा विश्वास बसत नाही.

तारखेचंही तसंच. मुक्काम २२ तारखेचा, नोंद १४ ची. नुसतं ‘१४ मार्चचे पैसे’ लिहिलंत तर तो म्हणेल, त्या दिवशी आपण भेटलोच कुठे? त्यामुळे आधी प्रसंग, मग नोंद:

‘अरे, २२ मार्चच्या मुक्कामाचा हिशोब आज लावला. बुकिंगचे ९,६०० मी १४ मार्चला ॲपवरून भरले होते, त्यातले १,२०० नंतर परत आले. राहिले ८,४००, म्हणजे प्रत्येकी २,१००. तुझे आलेले मला दिसत नाहीत. माझ्या नजरेतून सुटलं असेल तर सांग, नाहीतर या आठवड्यात पाठवशील का?’

हा मेसेज त्याला एकट्याला पाठवा, ग्रुपवर नको. ‘सॉरी, विचारायला कसंतरीच वाटतंय’ वगैरे प्रस्तावना गाळा. ती वाचून समोरच्यालाच ओशाळं होतं. स्क्रीनशॉट जोडायचा असेल तर ती एकच नोंद कापून घ्या. पूर्ण यादी गेली तर तुमचे बाकीचे व्यवहारही त्याच्यापर्यंत पोचतात. आणि ॲपमधली ‘पैसे मागा’ची विनंती मेसेजच्या आधी धाडू नका. नुसता आकडा समोर आला की ती वसुलीच वाटते.

‘मी तर पाठवले होते!’ असं उत्तर आलं, तर वाद घालण्याऐवजी त्याच्या नोंदीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि स्थिती विचारा. ‘अयशस्वी’ असेल आणि पैसे त्याच्या खात्यात परत आले असतील, तर प्रश्न मिटला, त्याने पुन्हा पाठवायचे. ‘प्रलंबित’ असेल तर मात्र लगेच दुसऱ्यांदा पाठवायला सांगू नका, नाहीतर दोन्ही रकमा जमा होऊन परत करायची पाळी तुमच्यावर येईल. ‘यशस्वी’ दाखवत असेल, तर पैसे नेमके कोणाच्या नावावर गेले ते त्याला बघायला सांगा.