टॅप-आउट करूनही पूर्ण भाडे कापले, दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादाही लागली नाही: माझा अनुभव

स्थानकाच्या गेटवर बँकेचे कार्ड टॅप करून प्रवास केला. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा हिरवा दिवा लागला, तरी एकाच प्रवासाचे कमाल भाडे दोनदा कापले गेले. बँकेत फोन केला, तर त्यांना फक्त एकूण रक्कम दिसत होती. टॅपची नोंद त्यांच्याकडे नसतेच. यात फार मनस्ताप झाला.

कारण असे निघाले: कार्ड फोनच्या कव्हरमध्ये होते. आत जाताना मशीनने कार्ड वाचले, बाहेर पडताना फोनमधले वॉलेट. खाते एकच, पण फोनला वेगळा डिव्हाइस नंबर असतो. त्यामुळे दोन अर्धवट प्रवास धरले गेले आणि दिवसाची मर्यादाही दोन्हींची वेगवेगळी मोजली गेली.

आधी रक्कम ‘पेंडिंग’मधून पक्की होऊ दिली. मग वॉलेटच्या कार्ड तपशिलातून डिव्हाइस नंबरचे शेवटचे चार अंक घेतले. वाहतूक सेवेच्या संकेतस्थळावरील प्रवास-इतिहासात एका क्रमांकावर फक्त प्रवेश होता, दुसऱ्यावर फक्त निर्गमन. दोन्ही क्रमांकांचे शेवटचे अंक, स्थानके आणि वेळा देऊन तिथेच ‘अपूर्ण प्रवास’ म्हणून परतावा मागितला. जादा रक्कम परत आली.

बँकेत थेट चार्जबॅक, म्हणजे कापलेली रक्कम बँकेमार्फत परत फिरवण्याची मागणी, टाकू नका. भाडे थकलेले धरून गेटवर कार्ड अडवले जाऊ शकते.