कॉक्लिअर इम्प्लांट: ऑपरेशनच्या आधी आणि स्विच ऑननंतर घरच्यांनी काय करावं

कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं की ऐकू न येणारं बाळ ऐकू लागेल, असं बहुतेक घरांना वाटतं. प्रत्यक्षात ऑपरेशनमध्ये फक्त आतला भाग बसतो आणि त्याच्या तारा कानातल्या शंखात जातात. आवाज सुरू होतो तो दोन ते चार आठवड्यांनी, कानामागचं मशीन लावून चालू केल्यावर. यालाच स्विच ऑन म्हणतात. तो आवाज नीट पोहोचतोय का, हे रोज सकाळी घरच्यांनीच बघायचं असतं. म्हणून आधीचे टप्पे थोडक्यात सांगते.

१. इम्प्लांट योग्य आहे का, ते तपासून घ्या. मूल किती ऐकतं हे मोजणाऱ्या बेरा चाचणीत दोन्ही कानांचा दोष तीव्र ते अतितीव्र आला, तर आधी साधारण तीन महिने श्रवणयंत्रं लावून ऐकण्या-बोलण्याची थेरपी देतात. त्यातून बोलणं शिकण्याइतका आवाज मिळत नसेल तर सीटी स्कॅन आणि एमआरआय होतो. ऐकण्याची नस आहे का, हे एमआरआयमध्ये दिसतं. नसच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग होत नाही. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर मात्र तीन महिने थांबू नका. कानातल्या शंखात हाड भरू लागतं आणि मग तारा आत जात नाहीत.

खर्चासाठी दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत, उत्पन्नाच्या अटीवर, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मदत मिळते. त्याचं काम वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेतून चालतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं. मशीनची वायर, डोक्याला चिकटणारी कॉइल आणि बॅटऱ्यांचा पुढचा खर्च कोण करणार, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.

२. ऑपरेशन. न्यूमोकोकलची लस निदान दोन आठवडे आधी द्यावी. पूर्ण भूल देऊन दोन-तीन तासांचं काम असतं आणि बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी येतात. कानामागे सूज वाढली, पू आला, ताप आला किंवा चेहरा एका बाजूला वाकडा वाटला तर लगेच सर्जनला दाखवा.

३. स्विच ऑनपर्यंत एक खेळ शिकवा. मुलाचा हात ढोलकीवर ठेवा. थाप पडली, हाताला हादरा लागला, की डब्यात एक ठोकळा टाकायचा. थाप नाही तर ठोकळा नाही. मशीनमधली आवाजाची पातळी मुलाप्रमाणे ठरवतात, त्याला मॅपिंग म्हणतात. हा खेळ अंगवळणी पडलेलं मूल त्या वेळी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञाला, खूप मदत करतं.

४. स्विच ऑन. पहिल्या दिवशी कुणी रडतं, कुणी खेळता खेळता थबकतं, कुणी काहीच दाखवत नाही. यातलं काहीही चालतं. नातेवाइकांचा घोळका नेऊ नका. आवाजाची पातळी पुढच्या मॅपिंगमध्ये हळूहळू वाढवतात. मूल डोळे मिचकावत असेल, मशीन सारखं ओढून काढत असेल तर आवाज जास्त झाला असेल. ते ऑडिओलॉजिस्टला कळवा. मशीन मात्र मूल जागं असेल तितका वेळ लावायचंच.

५. रोज सकाळी सहा आवाज. म, ऊ, आ, ई, श, स. मशीनच्या बाजूला तीनेक फुटांवर बसा, ओठ दिसू देऊ नका, पण तोंडावर तळहातही दाबू नका, त्यानं ‘स’ दबतो. रोजच्या आवाजात, क्रम बदलत, मध्ये कमी-जास्त थांबून म्हणा. आवाज ऐकू आला की मुलानं ढोलकीच्या खेळासारखाच ठोकळा टाकायचा. ठराविक तालात म्हटलंत तर मूल ताल ओळखून ठोकळा टाकतं. वहीत प्रत्येक आवाजापुढे बरोबर किंवा चूक लिहा.

कळव्याच्या तीन वर्षांच्या एका मुलीचं उदाहरण देते. ऑगस्टमध्ये तिच्या वहीत सलग तीन दिवस म, ऊ, आ, ई बरोबर, ‘श’ कधीतरी, ‘स’ एकदाही नाही. आईनं बॅटरी बदलली, मग जादाची वायर आणि कॉइल लावून पाहिली, फरक पडला नाही. मॅपिंगही बदललेलं नव्हतं. मायक्रोफोनवरची जाळी घाम आणि पावसाळी दमटपणानं बुजली होती. त्यात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. जाळी बदलली आणि ‘स’ परतला. हे लक्षात आलं नसतं तर ती पोर ‘बस’ला ‘ब’ आणि ‘ससा’ला ‘आ’ असंच ऐकत राहिली असती, आणि मूल जसं ऐकतं तसंच बोलतं.

सहाही आवाज एकदम गेले तर आधी बॅटरी, वायर, कॉइल बघा. सगळेच आवाज हळूहळू अस्पष्ट होत असतील तर मॅपिंगची पुढची तारीख येण्याची वाट न पाहता फोन करा. रात्री मशीन सुकवणाऱ्या डबीत ठेवा. इकडच्या पावसाळ्यात एकही रात्र सोडू नका.

६. थेरपी. आठवड्याच्या एक-दोन सत्रांत थेरपिस्ट मुख्यतः तुम्हाला शिकवतात. भाजी निवडताना, आंघोळ घालताना आधी शब्द ऐकू द्या, वस्तू मग दाखवा. मुलाचं ऐकण्याचं वय स्विच ऑनपासून मोजा: अडीच वर्षांच्या मुलाला मशीन लागून सहा महिने झाले असतील, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतक्याच ऐकण्याची अपेक्षा धरा. बालवाडीत बाईंना निसटलेली कॉइल परत लावायला शिकवा आणि एक जादा बॅटरी दप्तरात ठेवा.